कॉलेजात खेळतोय आणि रेफ्री व्हायचंय: लेव्हल, फिटनेस टेस्ट आणि पुण्यातली सुरुवात

प्रश्न: सर मी एसवायला आहे, कॉलेजच्या फुटबॉल टीममधून लेफ्ट विंग खेळतो. आता रेफ्रीशिप सुरू करावी असं डोक्यात आहे. लेव्हल कशा असतात, फिटनेस टेस्ट कितपत अवघड असते (रोज प्रॅक्टिस करतो म्हणजे ती तर निघेलच ना?) आणि पुण्यात नक्की सुरुवात कुठून करायची?

उत्तर:

कंसातला जो प्रश्न आहे ना तुझा, त्याच्यावरच जास्त बोलणार आहे, कारण कॉलेजातून येणारी चांगली खेळणारी पोरं कोर्सला अडकतात ती बहुतेक तिथेच. बाकीचं आधी पटकन सांगून टाकतो.

फुटबॉलमध्ये भारतात रेफ्रीच्या कॅटेगरी आकड्याने ओळखतात आणि आकडा जसा कमी होतो तशी लेव्हल वर जाते. एन्ट्रीला कॅट फाइव्ह, तिथून वर चढत चढत कॅट वन म्हणजे नॅशनल रेफ्री, आणि त्याच्या वर फिफाचा बॅज. पुण्यात तुझा पहिला दरवाजा म्हणजे जिल्हा संघटना, पुणे डिस्ट्रिक्ट फुटबॉल असोसिएशन, त्यांच्या वर राज्याची विफा म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, आणि त्याच्या वर एआयएफएफ म्हणजे देशाची फेडरेशन. प्रत्येक पायरीला लेखी परीक्षा, फिटनेस टेस्ट आणि मैदानावरचं मूल्यमापन असं तिन्ही लागतं, एकात पास झालास म्हणून दुसरं माफ होत नाही. फिफाच्या यादीत नाव जायचं तर रेफ्रीला किमान २५ वर्षं आणि असिस्टंटला २३ वर्षं पूर्ण लागतात, शिवाय देशाच्या टॉप डिव्हिजनला मॅच केलेल्या लागतात, आणि नाव पाठवते ती देशाची फेडरेशन, आपण स्वतः अर्ज करून होत नाही. भारताचे के. शंकर २००२ च्या वर्ल्ड कपला असिस्टंट रेफ्री होते, म्हणजे रस्ता आहे, लांबचा आहे. तू एसवायला म्हणजे एकोणीस वीसचा असशील, या वयात सुरुवात केलीस तर पुढच्या पायऱ्यांना हातात वर्षं राहतात, तिशीत येणाऱ्या माणसाकडे ती नसतात.

आता टेस्ट.

फिफाची रेफ्रीसाठीची टेस्ट दोन भागांत असते आणि आपल्याकडच्या टेस्टही त्याच साच्यात घेतात, खालच्या लेव्हलला वेळ थोडी सैल असते आणि ती कोर्सच्या पत्रकात लिहिलेली असते, ते पत्रक हातात आल्याबरोबर पहिले तो आकडा बघायचा. मी खाली जे आकडे देतोय ते इंटरनॅशनल पुरुष रेफ्रीचे आहेत, तू तयारी त्याच आकड्यांवर कर, मग खालची वेळ आपोआप निघते. मुलींसाठी वेळा वेगळ्या असतात, त्या पुढे सांगतो.

पहिला भाग स्प्रिंटचा. ४० मीटर, सहा वेळा, प्रत्येक धाव ६.० सेकंदांच्या आत, आणि दोन धावांच्या मध्ये जास्तीत जास्त ६० सेकंद, त्यातच चालत परत स्टार्टला यायचं. सुरुवात वेळ मोजणाऱ्या गेटच्या दीड मीटर मागून उभ्याने होते, म्हणजे घड्याळ सुरू व्हायच्या आधी तुला दीड मीटर मिळतो. सहापैकी एक धाव चुकली तर सहावी झाल्यावर लगेच सातवी देतात, पण सातपैकी दोन चुकल्या की टेस्ट संपली. पाय घसरून पडलास तर ती धाव परत देतात.

मग सहा ते आठ मिनिटं विश्रांती, आणि दुसरा भाग. ४०० मीटरचा ट्रॅक, त्यावर ७५ मीटर १५ सेकंदांत पळायचं, पुढचे २५ मीटर १८ सेकंदांत चालायचे, परत ७५ पळायचे, परत २५ चालायचे, असं ४० वेळा. एका राउंडला चार वेळा होतं म्हणजे एकूण दहा राउंड, चार किलोमीटर. प्रत्येक ७५ च्या शेवटी चालायच्या पट्ट्याला शिट्टीच्या आत निदान एक पाय टेकलेला पाहिजे. पहिल्यांदा चुकलास तर वॉर्निंग, दुसऱ्यांदा चुकलास की बाहेर काढतात. आणि शिट्टीच्या आधी निघताही येत नाही. मुलींना स्प्रिंटला ६.४ सेकंद आणि दुसऱ्या भागात पळायला १७ नि चालायला २० सेकंद मिळतात.

आता याचं गणित बघ. पळायचे १५ आणि चालायचे १८ म्हणजे एक चक्र ३३ सेकंदांचं, एक राउंड २ मिनिटं १२ सेकंदांचा आणि अख्खी टेस्ट बरोब्बर २२ मिनिटांची. चार किलोमीटरला बावीस मिनिटं ऐकून खेळणारा पोरगा म्हणतो हे तर माझं वॉर्मअप आहे, कारण सलग जॉगिंग करत तो ते एकोणीसात काढतो. पण इथे सलग काहीच नाहीये. ७५ ला १५ सेकंद म्हणजे ताशी १८ किलोमीटरचा वेग, तो चाळीस वेळा शून्यातून उचलायचा आणि चाळीस वेळा सोडायचा, आणि श्वास खाली आणायला मिळतात अठरा सेकंद, त्यातही रेंगाळता येत नाही कारण २५ मीटर १८ सेकंदांत म्हणजे चांगलं झपझप चालणं आहे. आणि हे सगळं सहा स्प्रिंट मारून झाल्यावर.

विंगर इथे का अडकतो ते सांगतो. तुझा खेळ कसा असतो, एक जोरात धाव, मग बॉल दुसऱ्या बाजूला गेला की मिनिट दीड मिनिट उभं राहणं किंवा हळू परत येणं. तुझ्या पायांना दम पूर्ण भरून घ्यायची सवय आहे. रेफ्रीला ती चैन नाही, बॉल कुठल्याही बाजूला गेला तरी त्याला जावंच लागतं, आणि टेस्ट त्याच गोष्टीची आहे, तू किती जोरात पळतोस याची कमी आणि अर्धवट दम भरलेला असताना परत तेच करतोस का याची जास्त.

म्हणून तयारीला लागायच्या आधी एक दिवस नुसतं मोजायचं. सारसबागेसमोरच्या सणस मैदानाला किंवा बालेवाडीला सिंथेटिक ट्रॅक आहे, सकाळी जा, सोबत एक मित्र घे घड्याळ धरायला. आणि हे लक्षात ठेव की हाताने दाबलेल्या घड्याळात वेळ साधारण दोन दशांशाने चांगली दिसते, कारण मित्र निघताना उशिरा दाबतो आणि शेवटी अंदाजाने आधीच दाबतो. टेस्टला इलेक्ट्रॉनिक गेट असली तर तिथे ते दोन दशांश तुझ्या अंगावर येतात. म्हणजे गेटवर ६.० पाहिजे तर मित्राच्या घड्याळात ५.८ दिसायला हवेत. माझ्याकडे येणारी पोरं "सर सहाच्या आत येतंय" म्हणतात तेव्हा मी पहिले हेच विचारतो, घड्याळ कुणी धरलं होतं.

सहाही धावांच्या वेळा लिहून काढ, सरासरी काढू नकोस, सरासरीत काहीच कळत नाही. समजा तुझ्या वेळा आल्या ५.४, ५.५, ५.७, मग ५.९, ६.१, ६.३. आणि तुझ्याच टीमच्या सेंटर बॅकच्या आल्या ६.१, ६.१, ६.१, ६.२, ६.२, ६.२. दोघंही नापास, पण दोघांचा आजार वेगळा आहे आणि औषधही वेगळं आहे. तुझ्याकडे वेग भरपूर आहे, पहिल्या धावेत जरुरीपेक्षा चार दशांश जास्त आहे, पण मिनिटभरात भरून येत नाही, सहाव्या धावेपर्यंत जवळजवळ एक सेकंद गळून गेला. सेंटर बॅकचं भरून छान येतंय, तो सहा काय दहा धावा तशाच काढेल, पण वरचा वेगच कमी आहे.

सेंटर बॅकने काय करायचं तर छोटे स्प्रिंट, १५ ते २० मीटर, चढावर, मध्ये दोन मिनिटं पूर्ण विश्रांती घेऊन, आठ ते दहा वेळा. हनुमान टेकडीच्या पायथ्याचा चढ याला चांगला आहे. त्याने दमून पळायचंच नाही, दमला की वेग शिकत नाही.

तुझं उलट. तुला ४० मीटरच पळायचंय, पण विश्रांती आवळत न्यायची. पहिले दोन आठवडे सहा धावा ९० सेकंदांच्या गॅपने, मग दोन आठवडे ७५ सेकंद, मग ६०. आणि इथे एक शिस्त पाळायची, पहिली धाव ५.४ मध्ये मारायची नाही. टेस्टला ५.४ चे जास्त मार्क नाहीत. ५.७ ला सुरुवात करून सहावीही ५.७ लाच आली की झालं. विंगरला हे पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण बाजूला कोणी पळत असलं की त्याच्या पायात शर्यत येते.

दुसऱ्या भागालाही हाच रोग दिसतो. पोरं पहिले तीन राउंड ७५ मीटर बारा तेरा सेकंदांत काढतात, पट्ट्यावर जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहतात, वाटतं की दोन सेकंद जास्त विश्रांती मिळाली. पण बारा सेकंदांत ७५ म्हणजे ताशी साडेबावीस, त्या वेगाला पाय भरून येतात आणि ते दोन सेकंदांत उतरत नाहीत. मग सहाव्या सातव्या राउंडला चेहरा लाल, खांदे वर, पावलं आखूड, आणि आठव्यात पहिली वॉर्निंग. पंधरातले जवळजवळ सगळे सेकंद वापरायचे, शिट्टीच्या जरा आधी, चौदा साडेचौदाला पट्ट्यावर पोचलास तर उत्तम.

सराव असा कर. ट्रॅकच्या पहिल्या लेनला शून्य, ७५, १००, १७५, २००, २७५, ३००, ३७५ अशा आठ खुणा, बाटल्या ठेवल्यास तरी चालेल. मोबाइलवर कुठलंही इंटरव्हल टायमर ॲप घे, १५ आणि २२ सेकंद लाव, म्हणजे चालायला चार सेकंद जास्त. पहिल्या आठवड्यात फक्त चार राउंड. दर आठवड्याला दोन वाढवत चौथ्या आठवड्यात दहा राउंड पूर्ण होतील, अजून चालणं बावीसवरच. मग पाचव्या आणि सहाव्या आठवड्यात राउंड परत आठवर आण आणि चालणं वीस सेकंद कर, सातव्यात आठ राउंड अठरावर, आठव्यात पूर्ण दहा. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची, अंतर तरी किंवा विश्रांती तरी, दोन्ही एकदम आवळलंस की मांडीचा मागचा स्नायू धरतो आणि मग तीन आठवडे घरी.

वेग बरोबर आहे की नाही हे ओळखायची सोपी खूण म्हणजे, चालायच्या शेवटच्या पाच सेकंदांत तुला एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. पाचव्या राउंडलाच एकेक शब्द तुटक येत असेल तर पुढचे राउंड निघणार नाहीत, तिथेच थांब आणि दोन दिवसांनी एक पायरी मागे जाऊन कर. रेटून पूर्ण करण्यात काही मिळत नाही.

आठवड्यात असे दोनच दिवस, मंगळवारी स्प्रिंट आणि शुक्रवारी इंटरव्हल धर, बाकी तुझी कॉलेजची प्रॅक्टिस आहेच. मॅच असलेल्या आठवड्यात इंटरव्हल बुधवारी ओढ. टेस्टच्या आधीचे शेवटचे पाच दिवस जड काहीच नाही, एखाद दिवस फक्त चार स्प्रिंट पाय मोकळे करायला. पावसाळ्यात सिंथेटिक ट्रॅक ओला असतो तेव्हा वळणावर जपून, आणि ऑक्टोबरमध्ये टेस्ट असली तर सरावही दोन चार वेळा थोडा उशिरा, ऊन चढल्यावर कर, कारण टेस्ट सकाळी सातला सांगतात आणि नंबर यायला साडेनऊ वाजतात. तेवढ्यासाठी खाण्याचंही बघ, घरून पोहे खाऊन निघालास तर दोन तास मध्ये गेले पाहिजेत, आणि पिशवीत दोन केळी ठेव, नंबर लांबला तर लागतात.

एक गोष्ट असिस्टंट रेफ्रीबद्दल. फक्त फ्लॅगकडे जायचं ठरवलं तर पुढे टेस्ट वेगळी होते, ४० च्या जागी ३० मीटरचे पाच स्प्रिंट ४.७ सेकंदांत आणि मध्ये अर्धाच मिनिट, शिवाय आडवं सरकत पळायची एक टेस्ट, दहा मीटर सरळ, आठ मीटर एका बाजूला, आठ परत दुसऱ्या बाजूला आणि दहा सरळ, सगळं मिळून १० सेकंदांत. ऑफसाइडची लाइन धरताना तोंड मैदानाकडे ठेवून आडवंच पळावं लागतं म्हणून ती आहे. तुझ्यासारख्या वेगवान पण लवकर दमणाऱ्याला ही टेस्ट जास्त मानवते हे खरंय, पण आत्ताच ठरवू नकोस, सुरुवातीची दोनेक वर्षं दोन्ही कामं कर.

आता लेखी परीक्षा, कारण फिटनेस निघालेली पोरं इथे पडतात आणि त्यांना त्याचा जास्त धक्का बसतो. दहा वर्षं खेळलेल्या माणसाला नियम येतात असं वाटतं, प्रत्यक्षात त्याला मैदानावर ओरडली जाणारी वाक्यं येतात. नियम सतराच आहेत, नियम ठरवणाऱ्या आयएफएबीचं नियमांचं मोफत ॲप आहे, आणि बदल साधारण दर वर्षी १ जुलैपासून लागू होतात, त्यामुळे सीनियरकडून घेतलेलं जुनं पुस्तक वापरू नकोस. उदाहरणार्थ गोलकीपरने हातात बॉल आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर २०२५ च्या बदलापासून समोरच्या टीमला कॉर्नर मिळतो, आणि रेफ्री शेवटचे पाच सेकंद हात वर करून मोजून दाखवतो. जुन्या पुस्तकात सहा सेकंद आणि इनडायरेक्ट फ्री किक लिहिलेलं आहे, ते लिहिलंस की मार्क गेले.

सगळ्यात जास्त मार्क जातात ते "लास्ट मॅन म्हणजे रेड" या समजुतीवर. नियमात लास्ट मॅन असा शब्दच नाही. बघायच्या गोष्टी चार, फाउलच्या जागेपासून गोल किती लांब होता, खेळ गोलच्या दिशेने चालला होता का, बॉलवर ताबा राहण्याची किंवा मिळण्याची शक्यता किती होती, आणि बचाव करणारे किती नि कुठे होते. हे चारही जमलं तर उघड गोलची संधी हिसकावली असं होतं. आता एकच प्रसंग तीन प्रकारे लिहितो. स्ट्रायकर एकटा कीपरसमोर आहे, बॉक्सच्या आत, डिफेंडर मागून बॉल खेळायचा खरा प्रयत्न करताना त्याला पाडतो. निर्णय पेनल्टी आणि यलो. तेच डिफेंडरने बॉलचा प्रयत्न न करता शर्ट ओढून पाडलं, पेनल्टी आणि रेड. आणि तेच पहिल्यासारखं बॉलसाठी गेला पण बॉक्सच्या बाहेर पाडलं, डायरेक्ट फ्री किक आणि रेड. कारण असं की बॉक्सच्या आत पेनल्टीने ती हिसकावलेली संधी जवळपास परत मिळते, म्हणून खरा प्रयत्न असला तर कार्ड एक पायरी खाली येतं, बाहेर तशी भरपाई होत नाही.

उत्तर लिहिताना तीन गोष्टी नेहमी लिहायच्या, गुन्हा काय, खेळ परत कसा सुरू होणार आणि कुठून, आणि कार्ड आहे की नाही. खेळणारी पोरं फक्त कार्ड लिहितात आणि रीस्टार्ट विसरतात. थ्रो-इन सरळ समोरच्याच्या गोलमध्ये गेला तर गोल नाही, गोल किक. स्वतःच्या गोलमध्ये गेला तर कॉर्नर. असले प्रश्न हमखास असतात आणि खेळताना हे कधी घडतच नाही म्हणून कोणाला माहीत नसतं. रोज एक नियम घेऊन त्यावर स्वतःच पाच प्रसंग बनव आणि तिन्ही गोष्टी लिही, तीन आठवड्यांत सतरा होतात, मग ऑफसाइड आणि फाउलचे म्हणजे अकरावा नि बारावा परत कर, अर्धा पेपर तिथेच असतो.

सुरुवात कुठून, तर उद्याच काय करता येतं ते सांगतो. एसएसपीएमएसच्या मैदानावर किंवा घोरपडीच्या डोबरवाडीला जिल्हा लीगच्या मॅच चालू असतात तेव्हा जा, पण मॅच बघायला नाही, रेफ्री बघायला. एका हाफमध्ये बॉलकडे न बघता फक्त रेफ्री कुठे उभा आहे ते बघ, तो मैदानाच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरका का फिरतो, कॉर्नरला कुठे उभा राहतो, आणि खेळ त्याच्यात आणि त्याच्या असिस्टंटच्या मध्ये कसा राहतो. मॅच संपल्यावर त्यांच्याकडे जाऊन सरळ सांग, सर मला कोर्स करायचाय, पुढचा कधी आहे. संघटनेच्या ऑफिसला फोन करून जेवढं कळत नाही तेवढं तिथे पाच मिनिटांत कळतं, आणि हेही सांगतो, पुण्यात फ्लॅग धरायला माणसं कायम कमी पडतात त्यामुळे तुला कोणी हाकलणार नाही. वयाची अट, फी आणि कागदपत्रं कोर्सच्या पत्रकात असतात, जन्माचा दाखला, आधार, फोटो आणि डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट आधीच एका फाइलमध्ये तयार ठेव.

दरम्यान कॉलेजच्या इंट्रा मॅचेस, फर्स्ट इयर विरुद्ध सेकंड इयर वगैरे, तिथे शिट्टी मागून घे. स्पोर्ट्सच्या सरांना सांगितलंस तर आनंदाने देतील, त्या मॅचला कोणी उभं राहायला तयारच नसतं. आत फिरणारी गोळी नसलेली शिट्टी घे, ती पावसात बंद पडत नाही. आणि शिट्टी घरी वाजवून बघू नकोस, मोकळ्या मैदानावर वाजव, साध्या फाउलला छोटी, पेनल्टीला लांब आणि जोरात, हा फरक आधी हाताशी बसला पाहिजे. नवीन रेफ्री घाबरून सगळीकडे एकसारखी पुसट वाजवतो आणि खेळाडू तिथेच ओळखतात.

खेळाडूपणाच्या ज्या सवयी तुला मोडाव्या लागतील त्यातली पहिली म्हणजे बॉलकडे बघत राहणं. पास सुटला की तुझे डोळे बॉलबरोबर जातात, रेफ्रीचे डोळे अर्धा सेकंद पास देणाऱ्यावरच थांबले पाहिजेत, कारण उशिराचं टॅकल तिथे होतं. दुसरी म्हणजे मोकळ्या जागेत धावणं. विंगरला मोकळी जागा दिसली की पाय तिकडे वळतात, आणि ती जागा म्हणजेच पुढचा पास जिथे येणार आहे ती. बॉल तुला लागून समोरच्या टीमकडे गेला किंवा तुला लागून चांगला अटॅक सुरू झाला तर थांबवून ड्रॉप बॉल द्यावा लागतो, आणि एका मॅचमध्ये असं दोनदा झालं की तुझी पोझिशन चुकतेय हे मूल्यमापन करणारा वहीत लिहून ठेवतो.

कोर्स पास झाल्यावर लगेच मधोमध उभं करतील अशी अपेक्षा ठेवू नकोस. आधी लहान मुलांच्या मॅच, अंडर थर्टीन वगैरे, आणि खालच्या डिव्हिजनला फ्लॅग. लहान मुलांच्या मॅचला मुलं त्रास देत नाहीत, टचलाइनवरचे पालक आणि कोच देतात. तिथे पहिल्या दहा मिनिटांत कोचला एकदा शांतपणे आणि सगळ्यांना ऐकू येईल असं सांगायचं, दुसऱ्यांदा यलो, आता कोचलाही कार्ड दाखवता येतं. तीन तीनदा जाऊन समजावत बसलास की उरलेली मॅच तीच चालते. मानधन मॅचप्रमाणे मिळतं, सुरुवातीला त्यात पेट्रोल आणि नाश्ता निघतो एवढंच समज, एका रविवारी तीन मॅच मिळाल्या तर बरं वाटतं. पण तीन मॅच म्हणजे तिसऱ्या मॅचला तुझे पाय मघाच्या आठव्या राउंडसारखे असतात आणि खरी चूक तिथेच होते, म्हणून पहिल्या सीझनला एका दिवशी दोनपेक्षा जास्त घेऊ नकोस, तिसरी मॅच फ्लॅगची असली तर चालेल.

खेळणं सोडावं लागेल का, असं पुढे विचारशील म्हणून आत्ताच सांगतो. कॉलेजसाठी, युनिव्हर्सिटीच्या इंटरझोनलला, बिनधास्त खेळ. जिल्हा लीगमध्ये मात्र तू ज्या क्लबकडून रजिस्टर आहेस त्यांची मॅच आणि त्या डिव्हिजनची कुठलीही मॅच तुला घेता येऊ नये, आणि कोणी माणूस कमी आहे म्हणून आग्रह केला तरी नाही म्हण, पॉइंट टेबलमध्ये तुझ्या क्लबच्या वर खाली असलेल्या टीमला तू पेनल्टी दिलीस की ती बरोबर असली तरी बरोबर राहत नाही. अर्ज भरताना क्लबचं नाव स्पष्ट लिही आणि ज्याच्याकडे मॅच वाटायचं काम आहे त्याला तोंडीही सांगून ठेव. आणि रेड दाखवलेल्या प्रत्येक मॅचचा रिपोर्ट त्याच संध्याकाळी लिही, मिनिट, खेळाडूचा नंबर, तू कुठे उभा होतास, नक्की काय केलं किंवा काय शब्द वापरले ते जसेच्या तसे, शिवी असली तरी तीच शिवी. शिस्तपालन समितीपुढे "असभ्य भाषा वापरली" एवढंच लिहिलेला रिपोर्ट टिकत नाही, खेळाडू सुटतो आणि पुढच्या रविवारी तुझ्याच मॅचला येतो.